मास्क लावूनही व्हीलचेअर बदलते, मुठी उगवतात, श्रवणयंत्र गायब होतं: कारण आणि दुरुस्ती

ही तक्रार वेगवेगळ्या शब्दांत सारखी येत राहते. खऱ्या माणसाचा फोटो घेऊन त्याला एआयने बनवलेल्या दृश्यात बसवायचं असतं. चेहरा बऱ्यापैकी जमतो, कपडे जमतात, पण खुर्ची दर वेळी वेगळी येते. कधी आर्मरेस्ट फुटतात, कधी पुढची छोटी चाकं मोठी होतात, कधी एकसंध फूटरेस्टचे दोन तुकडे होतात. सूचनेत कितीही वर्णन लिहा, पुढच्या चित्रात काहीतरी नवीन चुकलेलं असतं. खाली दिलेलं काम नागपुरातल्या एका लग्नपत्रिकेचं आहे. त्यात ही सगळी लक्षणं एकदम होती, म्हणून तेच धरून सांगतो.

नवरी व्हीलचेअर वापरते. महाल भागातल्या एका पत्रिकेच्या दुकानाने तिचा आणि नवऱ्या मुलाचा फोटो घेऊन संत्र्याच्या बागेतलं संध्याकाळचं दृश्य बनवलं होतं. लग्न फेब्रुवारीत, मृग बहाराची फळं झाडावर असण्याचे दिवस, त्यामुळे कल्पना छानच होती. चित्र बघून नवरीताईंनी फोनच केला, "भाऊ, ही माझी खुर्ची नाहीच. मागून ढकलाच्या मुठी काऊन लावल्या? मला कोणी ढकलत नाही." आणि मुठी आल्या तेवढ्यावर थांबलं नव्हतं. नवरा मुलगा फोटोत तिच्या शेजारी उभा होता, हात तिच्या खांद्यावर. नव्या चित्रात तो मागे गेला होता आणि त्याचे दोन्ही हात त्या मुठींवर होते. जे दोघं बरोबरीने होते, त्यांच्यातला एक आता दुसऱ्याला ढकलत होता. खुर्चीतला एक भाग बदलला की चित्रातलं नातं कसं बदलतं, हे यात दिसतं. त्यामुळे "थोडंफार चालतं" हे या कामात मी मानत नाही.

ताईंची खुर्ची रिजिड फ्रेमची आहे, म्हणजे घडी न होणारी. पाठ बुटकी, बरगड्यांच्या खालपर्यंतच येणारी. आर्मरेस्ट नाहीत, त्यांच्या जागी कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून पातळ साइडगार्ड. मागची चाकं 24 इंची, वरून किंचित आत झुकलेली. पुढे कास्टर, म्हणजे छोटी चाकं. पाय ठेवायला एकच नळीचा फूटरेस्ट. बैठक मागे थोडी खोल, त्यामुळे गुडघे कमरेपेक्षा जरा वर राहतात. फ्रेम गडद हिरवी. आता चित्र बनवणाऱ्या मॉडेलला "व्हीलचेअर" म्हटलं की काय आठवतं ते बघा: दवाखान्यातली घडीची खुर्ची, कातडी पट्ट्यांची बैठक, आर्मरेस्ट, उंच पाठ, मागे दोन मुठी, दोन वेगळे पायटे, मोठे कास्टर. त्याने शिकताना पाहिलेल्या चित्रांत याच खुर्च्या जास्त असणार. जिथे त्याला मोकळीक मिळते, तिथे तो या सरासरीकडे ओढला जातो. सूचनेत "आर्मरेस्ट नकोत" असं लिहिलं तर उलट "आर्मरेस्ट" हा शब्दच त्याच्या कानावर पडतो. नकार समजण्यात ही मॉडेलं कच्ची आहेत.

दुसरं कारण मोजमापाचं आहे, आणि ते समजलं की अर्धी धडपड थांबते. स्टेबल डिफ्युजनच्या जातीची मॉडेलं थेट पिक्सेलवर काम करत नाहीत. आधी चित्र आकुंचित करून घेतात, उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांनी 8 पट. म्हणजे 8 × 8 पिक्सेलचा एक चौकोन त्यांच्या आतल्या चित्रातलं एक घर होतो. आपली पत्रिका 1080 × 1920 पिक्सेलची. त्यात खुर्चीसकट ताईंची उंची 600 पिक्सेल ठेवली होती. बसलेल्या माणसाची जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची सुमारे 130 सेंटिमीटर धरली, तर 1 पिक्सेल म्हणजे जवळपास 2.2 मिलिमीटर आणि एक घर म्हणजे सुमारे 17 मिलिमीटर. चाकाची आरी साधारण 2 मिलिमीटर जाड, म्हणजे एका घराचा आठवा भाग. हाताने फिरवायची हँडरिम 2 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम एक घर. हँडरिम आणि टायर यांच्यामधली फट तेवढीही नसते. अशी बारीक वस्तू आकुंचनातून आत जाऊन बाहेर आली की मूळची राहत नाही. मॉडेलने काहीही नवीन रेखाटलं नाही, नुसतं आत घेऊन परत दिलं, तरी आऱ्या थरथरतात, एकमेकींत मिसळतात.

यातून एकच निष्कर्ष निघतो आणि बाकी सगळे उपाय त्याच्याच फांद्या आहेत. खुर्ची मॉडेलकडून रेखाटून घ्यायचीच नाही. माणूस आणि त्याचं साधन मूळ फोटोतल्या पिक्सेलांनी येतील, मॉडेल फक्त उरलेलं जग काढेल.

"पण मी मास्क लावला होता"

यावर हेच उत्तर ऐकायला मिळतं, आणि ते खरंही असतं. पत्रिकेच्या दुकानानेही मास्क लावला होता. म्हणजे मॉडेलने हात लावू नये म्हणून माणूस आणि खुर्ची झाकून भोवतालचं दृश्य तेवढं भरून घेतलं होतं. तरी मुठी आल्या, कारण मुठी झाकलेल्या भागात आल्याच नाहीत. त्या बाहेर आल्या. भोवतालचं भरताना मॉडेलला मास्कच्या कडेला बुटकी पाठ दिसते. त्याच्या लेखी खुर्ची अपुरी आहे, म्हणून तो ती पूर्ण करतो: पाठीच्या वर मुठी, बाजूला आर्मरेस्ट, फूटरेस्टच्या पुढे अजून एक पायटा. झाकलेला भाग जसाच्या तसा राहतो आणि खुर्ची तरीही चुकते. या चुकीची खूण सोपी आहे. मूळ कापलेला फोटो परत वर ठेवून बघा. खुर्ची तंतोतंत जुळते, पण तिच्या कडेबाहेर जास्तीचं लोखंड लोंबत असतं.

उपाय असा की मॉडेल दृश्य काढत असताना त्याला माणूसही दिसू नये आणि खुर्चीही. आधी रिकामी बाग बनवून घ्यायची. सूचनेत व्हीलचेअर हा शब्द नको, माणसं नकोत, "जोडपं" नको. बाग, वाट, उजेड, एवढंच. मग त्या तयार दृश्यावर कापलेला फोटो ठेवायचा. फोनवरच्या अ‍ॅपने काम करणाऱ्यांनाही हे जमतं, कारण मास्क लावायची सोय नसलेलं अ‍ॅपसुद्धा रिकामं दृश्य चांगलं देतं. जी अ‍ॅप फोटो आणि वाक्य घेऊन एकदम तयार चित्र देतात, ती बहुतेक वेळा संपूर्ण चौकट नव्याने रेखाटतात. त्यांच्या हातात माणसाचा फोटो द्यायचा नाही, आणि एकाच चित्रावर दुरुस्तीमागून दुरुस्ती तर मुळीच करायची नाही. प्रत्येक फेरीत खुर्ची सरासरीकडे आणखी थोडी सरकते.

बाग कुठली, वाट कुठली

रिकाम्या दृश्याचा पहिला नमुना ताईंना दाखवला तेव्हा त्यांनी जमीन बघितली. झाडांच्या मधली काळी माती होती, नुकतीच वखरलेली. "इथं चाकं रुततील," त्या म्हणाल्या, "मी इथपर्यंत येणारच नाही." बरोबर होतं. काटोल, कळमेश्वरकडच्या बागांत जायला मुरमाची वाट असते, खुर्ची तिथपर्यंतच जाते. म्हणून दृश्यात दाबून बसवलेली मुरमाची वाट घेतली, दोन्ही बाजूंना झाडं. साधनाचा अचूकपणा वस्तूपुरताच तपासला तर हे सुटून जातं. खुर्ची हुबेहूब असली आणि ती तीन पायऱ्यांच्या वर, रॅम्प नसलेल्या ओट्यावर ठेवली, तर बघणाऱ्याला कळत नसलं तरी वापरणाऱ्याला लगेच कळतं.

मग येतो दृष्टिरेषेचा प्रश्न. खुर्ची हवेत तरंगल्यासारखी किंवा घसरल्यासारखी दिसते, त्याचं कारण बहुधा सावलीच्याही आधी हे असतं. फोटो काढताना कॅमेरा जितक्या उंचीवर होता, तितक्या उंचीवरची प्रत्येक गोष्ट क्षितिजाच्या रेषेवर येते. ताईंचा फोटो 110 सेंटिमीटर उंचीवरून घेतला होता. आपल्या मोजमापात 110 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 508 पिक्सेल. चाकं जमिनीला टेकतात ती जागा पत्रिकेत वरून 1560 पिक्सेलवर ठेवली, म्हणजे क्षितिज 1050 च्या आसपास हवं. सपाट बागेत वाटेच्या दोन्ही कडा लांबवर जिथे एकत्र येतात, ती जागा म्हणजे क्षितिज. ते 1050 वर नसेल तर दृश्य वर-खाली सरकवा किंवा दुसरं बनवून घ्या. खुर्ची तिरकी करून किंवा ताणून जुळवू नका. ताणलं की गोल चाक अंडाकृती होतं आणि चाकांचा झुकाव बदलतो.

फोटो पुन्हा काढणं परवडतं

हातात जुना फोटो असेल आणि दृश्याचा कोन त्याच्याशी जुळत नसेल, तर मी नवीन फोटो मागतो. मॉडेलला खुर्ची वळवायला सांगणं म्हणजे ती नव्याने काढायला सांगणं. खुर्चीचे बरेच फोटो देऊन मॉडेलला ती वेगळी शिकवता येते, लोरा म्हणतात त्याला. त्याने रंग आणि ढोबळ आकार जवळ येतो, पण आऱ्या, हँडरिम, साइडगार्ड यांची खात्री तरीही देता येत नाही.

नवीन फोटोला फार सामान लागत नाही. माणूस आणि खुर्ची पूर्ण चौकटीत, चारही चाकं आणि त्यांच्याखालची थोडी जमीन दिसली पाहिजे. फोनची रुंद लेन्स वापरू नका, कडेला येणारी चाकं ती ओढते. 2x वर ठेवून तीन-चार मीटर मागे उभं राहा. दृश्यात उजेड डावीकडून आणि कमी उंचीवरून येणार असेल तर फोटोतही तसाच घ्या. आपल्याकडे हिवाळ्यात पाचच्या सुमाराचं ऊन यासाठी उत्तम, आणि मे महिन्यातलं दुपारचं ऊन अजिबात नको, कारण ते डोक्यावरून पडतं आणि खुर्चीखाली काळा डाग करतं. दोन माणसं असतील तर दोघांना एकाच जमिनीवर, एकाच फोटोत घ्या. नंतर वेगवेगळे जोडले की कोण किती उंच हा गोंधळ होतोच.

मागे एक सपाट रंगाचा कपडा लावा, खुर्चीपासून दीड-दोन मीटर लांब. रंग निवडताना खुर्ची बघा. ताईंची फ्रेम हिरवी आणि आऱ्या स्टीलच्या, म्हणून भडक निळा कपडा घेतला. राखाडी कपडा लावला असता तर पुढच्या पायरीत आऱ्याच पुसल्या गेल्या असत्या. कपडा फार जवळ असेल तर स्टीलमध्ये त्याचं प्रतिबिंब येतं आणि आऱ्या निळ्या दिसतात.

सोबत खुर्चीचे वेगळे फोटो हवेत: दोन्ही बाजू, पुढून, मागून, फूटरेस्ट जवळून. हे चित्रात वापरायला नाहीत, शेवटी ताडून बघायला आहेत.

कापताना काय हरवतं

पार्श्वभूमी आपोआप काढणारी साधनं माणसासाठी चांगली आहेत, खुर्चीसाठी नाहीत. पुढचा कास्टर जातो, कारण तो जमिनीचा भाग वाटतो. हँडरिम आणि टायरमधली फट भरली जाते. मागे उलटू नये म्हणून लावलेली चिमुकली चाकं असतील तर ती हमखास जातात, आणि बैठकीखाली अडकवलेली पिशवीही. हे पांढऱ्या पार्श्वभूमीवर दिसत नाही. कापलेल्या फोटोखाली भडक गुलाबी थर टाका आणि 200 टक्क्यांवर मोठं करून बघा, सगळं उघडं पडतं. मग ते भाग हाताने मास्कमध्ये परत आणावे लागतात. याला वेळ लागतो आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

आऱ्यांच्या मधून मात्र पलीकडचं दृश्य दिसलं पाहिजे, नाहीतर बागेत उभ्या खुर्चीच्या चाकात निळा कपडा दिसत राहतो. आरी न् आरी हाताने कापणं वेडेपणा आहे. गिंप या फोटो-एडिटरमध्ये चाकाच्या रिमच्या आतला गोल तेवढा निवडा आणि `Colors` मधलं `Color to Alpha` चालवा, रंग म्हणून कपड्याचा निळा द्या. निळं पारदर्शक होतं, पण स्टीलही थोडं विरळ होतं, म्हणून ते पुन्हा भरीव दिसेपर्यंत `Opacity threshold` कमी करा. निवड फक्त रिमच्या आतच ठेवा, कारण हे साधन कपड्यांतला, कातडीच्या सावलीतला निळा अंशही खातं. तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोत जवळच्या चाकातून पलीकडचं चाकही दिसतं. ते तसंच राहायला हवं. मॉडेलने काढलेल्या खुर्च्यांत हमखास चुकणारी जागा हीच, दोन चाकं एकमेकांत विरघळलेली असतात.

टेकवणं आणि उजेड

खुर्ची जमिनीला चार ठिकाणी टेकते. त्या प्रत्येक ठिकाणी टायरच्या अगदी खाली एक अरुंद, गडद सावली हवी, आणि उजेडाच्या विरुद्ध बाजूला एक लांब, मऊ सावली. लांब सावली मॉडेलकडून काढून घेऊ नका. ते सावलीतसुद्धा दवाखान्यातली खुर्ची काढतं, मुठींसकट. त्याऐवजी कापलेल्या फोटोचीच प्रत घ्या, काळी भरा, जमिनीवर आडवी पाडा, कडा मऊ करा आणि थराची पद्धत `Multiply` ठेवा. सावलीत आऱ्यांची जाळी आपोआप खरी येते.

मुरमाचे खडे टायरला बिलगलेले दिसावेत म्हणून चाकांखालच्या जमिनीची एक अरुंद पट्टी मॉडेलला थोडी पुन्हा काढू देता येते. बदलाची ताकद कमी ठेवायची, 0.3 ते 0.4. कम्फी यूआयमध्ये हे करत असाल तर `Load Image` पारदर्शक भागालाच मास्क समजतं, हे लक्षात असू द्या. म्हणजे जे पारदर्शक ते नव्याने काढलं जाईल. आणि झाकलेला भागही या फेरीत आकुंचनातून आत-बाहेर जातो, त्यामुळे वरून न बदललेली खुर्ची मोठी करून पाहिली तर मऊ पडलेली असते. म्हणून मॉडेलची शेवटची फेरी झाली की मूळ कापलेला फोटो त्याच जागी पुन्हा वर चिकटवायचा. ही पायरी चुकवणारे खूप आहेत. साधा पायथन पुरतो:

```python
from PIL import Image
drushya = Image.open("baag.png").convert("RGB")
kaapleli = Image.open("tai.png").convert("RGBA")
drushya.paste(kaapleli, (240, 960), kaapleli)
drushya.save("patrika.png")
```

960 म्हणजे 1560 मधून ताईंची 600 पिक्सेल उंची वजा; कापलेल्या फोटोत नवरा मुलगाही असेल तर त्याच्या उंचीप्रमाणे हा आकडा कमी करा. दोन्ही चित्रं आधीच ठरलेल्या मापाची हवीत. मॉडेलने चित्राचं माप बदलून दिलं असेल तर आधी तेच नीट करा, नाहीतर खुर्चीची दुहेरी कड दिसते. चिकटवल्यावर टायरची खालची कड मुरमावर सुरीने कापल्यासारखी वाटली, तर तळाचा सेंटिमीटरभर भाग, म्हणजे आपल्या मापात चार-पाच पिक्सेल, मास्कमध्ये मऊ ब्रशने उडवा. तेवढे खडे टायरवर आले की खुर्ची बसते.

उजेड जुळवायला आजकाल संपूर्ण माणसावर नवा प्रकाश टाकणारी मॉडेलं वापरतात. ती सुंदर प्रकाश देतात आणि त्याच झटक्यात खुर्ची पुन्हा रेखाटतात. फोटोच्या वेळी उजेड नीट घेतला असेल तर नुसत्या `Curves` ने काम भागतं: सावल्यांत किंचित निळं, उजळ भागात किंचित केशरी. तरी ते मॉडेल वापरायचंच असेल तर त्याच्याकडून फक्त रंगाचा ढग घ्या, बारकावे मूळ फोटोतून घ्या. गिंपमध्ये मूळ थराची एक धूसर प्रत करा आणि `Grain extract` ने मूळ थरातून ती वजा करा, बारकावे वेगळे निघतात. मग नव्या प्रकाशाचं चित्र तितकंच धूसर करून त्यावर ते बारकावे `Grain merge` ने ठेवा. प्रकाश नवा, खुर्ची जुनीच.

ताडून बघणं

डोळ्यांवर विसंबू नका, डोळ्यांनाही दवाखान्यातल्या खुर्चीची सवय असते. तयार पत्रिकेवर मूळ कापलेला फोटो त्याच जागी ठेवून थराची पद्धत `Difference` करा. खुर्चीची जागा काळी दिसली पाहिजे. प्रकाश जुळवला असेल तर एकसारखी मंद झाक दिसेल, ती चालते. पांढऱ्या रेषा दिसल्या, तर तिथला आकार बदललेला आहे. `Difference` फक्त खुर्चीच्या आतलं सांगतं, बाहेर उगवलेल्या मुठी सांगत नाही. त्यासाठी कडेभोवतीचा भाग मोठा करून वेगळा बघावा लागतो, पाठीच्या वर, बैठकीच्या बाजूला आणि फूटरेस्टच्या पुढे.

आणि मग ज्यांची खुर्ची आहे त्यांना दाखवायचं. "कसं वाटतं?" असं विचारलं तर लोक भिडेखातर छान म्हणतात. "मुठी, पाठीची उंची, पाय ठेवलेत ती जागा आणि पुढची चाकं बघा" असं विचारलं तर उत्तर मिळतं. ताईंनी एक गोष्ट काढलीच: त्यांचा डावा पाय फूटरेस्टवर पट्ट्याने धरलेला असतो, आणि तो काळा पट्टा मास्क साफ करताना सावली समजून उडाला होता. फोटोत तो होता, म्हणून परत आणता आला.

श्रवणयंत्र आणि कृत्रिम पाय

मूळ उपाय तोच, पण बिघडण्याच्या जागा वेगळ्या. कानामागच्या श्रवणयंत्राची नळी दोन-तीन मिलिमीटरची, म्हणजे वरच्या मापात पिक्सेल-दीड पिक्सेल. मॉडेल ती पुसतं किंवा कानात ब्लूटूथचं इअरबड घालतं. कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर डोक्याला चुंबकाने चिकटलेली गोल चकती केसांत नाहीशी होते आणि वायर तेवढी उरते. पण बहुतेक वेळा गुन्हेगार दृश्य बनवणारं मॉडेल नसतंच, शेवटी चालवलेलं चेहरा सुधारणारं साधन असतं, जीएफपी-गॅन किंवा कोडफॉर्मरसारखं. ते चेहऱ्याचा 512 × 512 चा तुकडा काढून नव्याने घडवतं आणि त्या तुकड्यात कानही येतो. ते बंद करा, किंवा कान त्याच्या मास्कबाहेर ठेवा. लग्नात केस मागे बांधले की यंत्र दिसतं, आणि पत्रिकेत दिसायचं की नाही हे वापरणाऱ्याने ठरवायचं, दुकानाने नाही.

कृत्रिम पायात शरीराचा सांगाडा ओळखणारी ओपनपोझसारखी साधनं घात करतात. त्यांच्या 18 बिंदूंत घोटा हा घोटाच असतो, कातडीचा की प्लास्टिकचा हे त्यांना ठाऊक नसतं. त्यावरून चित्र काढलं की दोन सारखे हाडामांसाचे पाय येतात. सूचनेत "कृत्रिम पाय" लिहिलं तर धावपटूंचं कार्बनचं पातं येतं. आपल्याकडे अनेकांचा पाय जयपूर फूट असतो. तो दिसायला पावलासारखा असतो, बोटंही असतात, चपलेत किंवा अनवाणी चालायला बनवलेला. त्याला पातं लावणं हीसुद्धा चूकच. कपडे बदलायचे असतील, पँटच्या जागी धोतर वगैरे, तर त्या पायावरच्या कापडाची घडी मॉडेलकडून घेऊ नका. उरलेला पाय ज्यात बसतो त्या सॉकेटवरून कापड वेगळं पडतं. माणसाला तेच कपडे घालून फोटो काढा.

दोन्ही बाबतींत फोटो कधीही उलटा करू नका. पत्रिकेच्या मांडणीत माणसाने उजवीकडे बघावं म्हणून आडवा उलटवला, की उजव्या कानाचं यंत्र डावीकडे गेलं आणि पाय बदलला. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेली सेल्फी आधीच उलटी असू शकते. श्रवणयंत्रावर किंवा कानातल्या साच्यावर रंगाची खूण असेल तर ती बघा: लाल उजव्या कानासाठी, निळी डाव्या.

मोठ्या छपाईला

ताईंच्या पत्रिकेनंतर त्याच चित्राचं सहा फुटी बॅनर हवं होतं, स्वागताला लावायला. इथे तयार पत्रिका एआयच्या अपस्केलरमध्ये घालून मोठी करायचा मोह होतो. ते अपस्केलर हरवलेले बारकावे कल्पनेने भरतात, आणि आऱ्यांची संख्या, हँडरिमची फट पुन्हा त्यांच्या मर्जीवर जाते. बाग तेवढी अपस्केलरने मोठी करा, पानं थोडी बदलली तरी कोणाचं काही बिघडत नाही. माणूस आणि खुर्ची मात्र कॅमेऱ्यातल्या मूळ फोटोच्या पूर्ण मापावरून कापलेल्या फाइलमधून घ्या आणि गरज पडलीच तर साध्या `Lanczos` पद्धतीने वाढवा. म्हणून सुरुवातीला कापताना 600 पिक्सेलची नाही, पूर्ण मापाची फाइल ठेवा आणि पत्रिकेसाठी तिची छोटी प्रत काढा. सावल्यांचे थरही वेगळे ठेवा, बॅनर आडवं असल्याने बाग नवी बनवावी लागते आणि क्षितिजाचा हिशेब नव्या मापाने पुन्हा मांडावा लागतो.